थंब मशीनच्या आधीचं आणि नंतरचं: हायब्रिडच्या प्रस्तावाची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात चाळीस माणसं आहेत. वाळूज आणि शेंद्र्यातल्या कारखान्यांना लागणारी ड्रॉइंग्ज आणि त्यांची कागदपत्रं आम्ही करतो. आठवड्यातले दोन दिवस घरून काम, असा प्रस्ताव मी मांडला तेव्हा मालकांनी दोनच प्रश्न विचारले. "हजेरी कशी लावायची? आणि माणसं एकमेकांना भेटलीच नाहीत तर टीम राहील का?" दोन्ही शंका खऱ्या आहेत. पण त्या एका दमात विचारल्या जातात, आणि घोळ तिथेच होतो. हजेरी आणि टीमवर्क ही जोडी मुळात ऑफिसची नाही, ती कारखान्यातून आलेली आहे.

कारखान्यात ही जोडी बरोबरच होती. लाईनवर एक माणूस कमी असला तर पुढचे दहा जण खोळंबतात. म्हणून भोंगा, म्हणून मस्टर, म्हणून लेट मार्क. 1890च्या सुमारास अमेरिकेत बंडी नावाच्या माणसाने कामगाराची वेळ कागदावर छापणारं घड्याळ काढलं. त्याचा कारखाना पुढे ज्या कंपन्यांत विलीन झाला, त्यांतूनच 1924 मध्ये आयबीएम हे नाव उभं राहिलं. म्हणजे आपल्या दारावरच्या थंब मशीनचे पणजोबा आयबीएमच्या घरातले.

आपल्याकडे 1980च्या दशकात वाळूज उभं राहिलं आणि शहराचा दिवस शिफ्टवर बांधला गेला. त्या कारखान्यांभोवती अकाउंट्सची, डिझाइनची, सॉफ्टवेअरची छोटी ऑफिसं आली. त्यांनी मस्टर जसंच्या तसं उचललं. तीन लेट मार्कांना अर्धी रजा हा आमचा नियमही तिकडचाच. ड्रॉइंग करणारा दहा मिनिटं उशिरा आला तर कोणाचीच लाईन थांबत नाही, पण हे कोणी विचारलं नाही.

घरून काम ही कल्पना कोविडची नाही. 1973च्या तेलटंचाईच्या काळात जॅक नाइल्स या अमेरिकन अभियंत्याने 'टेलिकम्यूटिंग' हा शब्द आणला. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे न्यावं, म्हणजे पेट्रोल आणि वेळ दोन्ही वाचतील, इतका साधा हिशेब होता. गंमत म्हणजे ही कल्पना सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवणाऱ्यांत आयबीएमच होती. 2009च्या सुमारास तिच्या जवळजवळ चाळीस टक्के माणसांना ठरलेलं ऑफिसच नव्हतं. आणि 2017 मध्ये त्याच कंपनीने आपल्या अनेक टीमना परत ऑफिसात बोलावलं. त्याच्याही चार वर्षं आधी, म्हणजे 2013 मध्ये, हे पाऊल उचलताना शेजारी बसून काम करण्याचं कारण दिलं होतं ते याहूने.

भारतात मार्च 2020 पर्यंत अडचण मालकाच्या मनाइतकीच नियमांचीही होती. कॉल सेंटरसारख्या कंपन्यांना माणूस घरी बसवायचा तर दूरसंचार खात्याची परवानगी आणि जबर बँक गॅरंटी लागायची. लॉकडाऊनमध्ये ती ढिली झाली आणि नोव्हेंबर 2020 मध्ये नियमच सैल केले गेले. पण लॉकडाऊनच्या काळातला अनुभव पुरावा म्हणून वापरू नये असं माझं मत आहे. तेव्हा पोरं घरात, शाळा बंद आणि पर्याय कोणालाच नव्हता. त्यातून हायब्रिड चालतं हेही सिद्ध होत नाही, चालत नाही हेही नाही.

नीट पुरावा आहे तो ट्रिप डॉट कॉम या चिनी प्रवास कंपनीचा. 2021-22 मध्ये तिथे सहा महिने 1,612 जणांवर प्रयोग झाला. ज्यांचा जन्म विषम तारखेचा त्यांना बुधवार आणि शुक्रवार घरून काम करायची मुभा, सम तारखेवाल्यांना पाचही दिवस ऑफिस. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी निकाल 2024 मध्ये छापले. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत, पुढची दोन वर्षं पाहूनही, फरक सापडला नाही. यातली माणसं पदवीधर होती आणि तीन दिवस ऑफिसात येतच होती. पूर्ण वेळ घरी बसवण्याच्या बाजूने हा दाखला देता येत नाही.

टीमवर्कची शंका मात्र मी उडवून लावत नाही. एमआयटीतल्या थॉमस अॅलन यांनी 1970च्या दशकात मोजून दाखवलं होतं की दोन अभियंत्यांच्या टेबलांमधलं अंतर पन्नास मीटरच्या आसपास गेलं की त्यांचं आठवड्यातलं बोलणं जवळपास आटतं. आमच्याकडे रोजचं उदाहरण आहे. नवी मुलगी टॉलरन्स चुकीचा टाकते, मागे उभा असलेला सिनियर म्हणतो, "अगं, हा होल रीमर करणारेत, फिट बघ." हे वाक्य घरून येत नाही, कारण ती विचारतच नाही. तिला चूक झाल्याचं ठाऊकच नसतं.

म्हणूनच "आठवड्यातले कोणतेही तीन दिवस या" हा सगळ्यांना आवडणारा पर्याय मी कटाक्षाने टाळला. हिशेब करून बघा. सहा जणांची टीम, प्रत्येकाने पाचपैकी आपापले तीन दिवस निवडले. एखाद्या दिवशी सहाही जण हजर असण्याची शक्यता पाच टक्क्यांहूनही कमी निघते. म्हणजे पूर्ण टीम एकत्र बसणार महिन्यातून जेमतेम एकदा. हजेरी साठ टक्के, मस्टर व्यवस्थित भरलेलं, आणि टीम कुठेच नाही.

तेव्हा दिवस ठरवूनच द्यायचे. सोमवार, मंगळवार, गुरुवार सगळे ऑफिसात. बुधवार, शुक्रवार ज्याला हवं त्याने घरून. सोमवार आणि शुक्रवार घरून द्यावेत असा आग्रह लातूर-परभणीकडच्या मुलांचा होता. पण मग गुरुवारी संध्याकाळी गावाला गेलेला माणूस थेट मंगळवारी उगवणार, ही मालकांची भीती मला पटली. वेळ अमावास्येला मात्र लातूरकडची मुलं दरवर्षी रजा टाकून शेतावर जातातच, तिथे कोणतंच धोरण चालत नाही. सहा महिने न झालेल्या नव्या माणसाला पाचही दिवस ऑफिस, आणि त्या दोन दिवशी टीममधला एक सिनियर आळीपाळीने त्याच्यासोबत.

ऑफिसच्या दिवशी ड्रॉइंगची तपासणी, ग्राहकाचे बदल आणि शिकवणं. घरच्या दिवशी एकट्याने करायचं मॉडेलिंग. सकाळी अकरा ते एक फोनवर असणं सक्तीचं, बाकी वेळेला कॅमेरा नाही की स्क्रीनवर पाळत नाही. हे बिघडतंय ते कसं कळणार? ऑफिसच्या दिवशी माणसं कानाला हेडफोन लावून एकमेकांशीच व्हिडिओवर बोलताना दिसली तर दिवसांची वाटणी फसली. ग्राहकाकडून चुकीमुळे परत येणारी ड्रॉइंग्ज वाढली तर तपासणी पातळ झाली. हा दुसरा आकडा आमच्या रजिस्टरमध्ये आधीपासून आहे, त्यामुळे मागच्या सहा महिन्यांशी तुलना सोपी.

पहिल्या आठवड्याच्या चाचणीत अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. बुधवारी थंब नाही म्हणून मशीनने सगळ्यांना गैरहजर धरलं आणि पगाराच्या सॉफ्टवेअरने बिनपगारी रजा टाकली. अकाउंट्समधल्या ताईंनी घरून काम केलेल्या एकेकाच्या नावापुढे हाताने 'ऑन ड्युटी' भरलं आणि मला ऐकवलं, "सर, धोरण तुमचं, पण बोटं माझी झिजली." आता मशीनमध्ये बुधवार-शुक्रवारसाठी वेगळी शिफ्ट बनवून घेतली आहे. उरलेल्या तीन दिवशी थंब पूर्वीसारखाच. लेट मार्कांचा नियम तेवढा मालकांनी अजून सोडलेला नाही.