व्हिस्की : पहिली निवड

धान्याच्या आंबवणाचे ऊर्ध्वपातन करून लाकडी पिपांत मुरवलेल्या मद्याचे अनेक प्रकार ‘व्हिस्की’ या एकाच नावाखाली विकले जातात. त्यांतून मर्यादित खर्चात पहिली बाटली निवडायची, तर शैली आणि चव यांची तुलना करणे हाच भरवशाचा मार्ग ठरतो. स्कॉटलंडमध्ये या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग एका प्रकारे आणि आयर्लंडमध्ये (व बहुतांशी अमेरिकेत) दुसऱ्या प्रकारे केले जाते. देवनागरीत हा भेद दिसत नाही आणि चवीशीही त्याचा संबंध नाही. किंमत, वय व रंग या तीन गोष्टींवरून चवीचा अंदाज बांधण्याची सवय सर्वत्र आढळते. त्यांपैकी रंग सर्वांत फसवा आहे, कारण स्कॉच व्हिस्कीत साधा कॅरमेल रंग मिसळण्यास नियमांची परवानगी आहे.

शैली. पहिल्या निवडीसाठी चार शैली पुरेशा आहेत. स्कॉच सिंगल माल्ट ही एकाच कारखान्यात, केवळ मोड आणून वाळवलेल्या सातूपासून (माल्ट), तांब्याच्या हंड्यासारख्या भट्टीत (पॉट स्टिल) गाळलेली व्हिस्की होय. ब्लेंडेड स्कॉचमध्ये अशा माल्ट व्हिस्कींबरोबर सलग चालणाऱ्या उभ्या स्तंभात गाळलेली हलकी ग्रेन व्हिस्की असते. इनियस कॉफी यांच्या या स्तंभयंत्राच्या पेटंटचे वर्ष बहुधा १८३० दिले जाते. काही ठिकाणी १८३१ असेही आढळते. ग्रेन व्हिस्कीला ‘व्हिस्की’ म्हणावे काय, हा वाद ब्रिटनमध्ये न्यायालयात गेला. १९०८ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १९०९ च्या अहवालात ग्रेनच्या बाजूने कौल दिला. ब्लेंड म्हणजे भेसळ, ही अद्याप टिकलेली समजूत या वादाचाच अवशेष असावी. आयरिश व्हिस्की अनेकदा तीन वेळा गाळतात, त्यामुळे ती सौम्य होते. तिच्या पॉट स्टिल प्रकारात मोड न आणलेला सातूही वापरत असल्याने तोंडात किंचित तेलकट, मसालेदार भरीवपणा जाणवतो. अमेरिकन बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते.

नवे पीप ही अट खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नवे, जाळलेले लाकूड व्हॅनिला, कॅरमेल, नारळ यांची आठवण देणारे घटक भराभर सोडते. म्हणून चारपाच वर्षांची बर्बनही चवीला भरलेली लागते. स्कॉच मात्र बहुधा आधी बर्बन किंवा शेरी ही स्पॅनिश वाइन भरलेल्या जुन्या पिपांत मुरते. तिथे लाकूड धीमे काम करते आणि दरम्यान पिपातून वर्षाला साधारण २ टक्के द्रव उडून जातो. या हिशेबाने १२ वर्षांत पिपातला सुमारे पाचवा भाग नाहीसा होतो. तेव्हा बाटलीवरच्या आकड्याची किंमत काही अंशी या घटीची व साठवणुकीची असते. हा आकडा मिश्रणातील सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय सांगतो, चवीचा दर्जा नव्हे. कमी खर्चात अधिक चव हवी असेल, तर बर्बन आणि ब्लेंड यांच्याकडे आधी पाहावे, असे म्हणण्यामागे एवढेच कारण आहे.

प्रदेश की चव? स्कॉच माल्टची ओळख हायलँड, लोलँड, स्पेसाइड, आयला व कॅम्पबेलटाउन या प्रदेशांवरून करून देण्याची पद्धत रूढ आहे. लोलँड म्हणजे हलकी, स्पेसाइड म्हणजे फळांसारखी गोड, आयला म्हणजे धुराची, अशी समीकरणे नवख्याला आकर्षक वाटतात. मात्र या विभागणीचे मूळ चवीत नसून करात आहे. १७८४ च्या कायद्याने कर वेगळे आकारण्यासाठी हायलँड व लोलँड यांच्यामध्ये एक रेषा आखली. प्रदेशांची सध्याची लोकप्रियता बरीच अलीकडची दिसते. १९८८ मध्ये एका मोठ्या कंपनीने निरनिराळ्या भागांतील सहा माल्ट एकत्र मांडून विकायला काढले, तेव्हापासून ही भाषा दुकानांत रुळली, असे सामान्यपणे मानले जाते. प्रदेशाला अजिबात अर्थ नाही, असे नाही. जवळच्या कारखान्यांमध्ये इंधन, पद्धती व माणसे यांची देवाणघेवाण होत असे, आणि आयला बेटावर पीट, म्हणजे दलदलीतील अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे इंधन, विपुल व इतर इंधन दुर्मिळ होते. तथापि अपवाद एवढे आहेत की नियम पातळ होतो. आयलावरील बुनाहावन या कारखान्याची नेहमीची व्हिस्की जवळजवळ धूररहित आहे, तर मुख्य भूमीवरील आर्डमोर पीटच्या धुराचा माल्ट वापरत आला आहे.

दुसरा पक्ष चवीवरून वर्गीकरण करणाऱ्यांचा. सांख्यिकीतज्ज्ञ डेव्हिड विशार्ट यांनी ८६ माल्ट व्हिस्कींच्या चवीची वर्णने घेऊन प्रत्येकीला भरीवपणा, गोडी, धूर, औषधी वास, मध, मसाला, फळे, फुले इत्यादी १२ गुणांवर ० ते ४ असे आकडे दिले आणि त्यांवरून १० गट पाडले. एकाच गटात दूरदूरच्या प्रदेशांतील व्हिस्की येऊन बसल्या. गटांची संख्या १० च का, आणि वर्णने करणाऱ्यांची जीभ सारखी होती काय, हे आक्षेप योग्य आहेत. तरी पहिल्या निवडीपुरती ही बाजू अधिक उपयोगी वाटते, कारण ग्राहकाला प्रदेश प्यायचा नसतो. १२ गुणांची मात्र गरज नाही. धूर आहे की नाही आणि अंग हलके आहे की भरीव, या दोन प्रश्नांनी बहुतेक बाटल्या वेगळ्या करता येतात. तिसरा प्रश्न पिपाचा. बर्बनच्या पिपातून आलेली व्हॅनिला-सफरचंदाकडे झुकते, शेरीच्या पिपातून आलेली मनुका-सुकामेव्याकडे.

धुराचा आकडा. पीट जाळून सातू वाळवला, की धुरातील फिनॉल द्रव्ये दाण्याला चिकटतात. त्यांचे प्रमाण दहा लाखांत किती भाग, असे सांगितले जाते. आयलावरील लॅगावुलिन कारखान्यासाठी सुमारे ३५ हा आकडा नेहमी दिला जातो, आर्डबेगसाठी सुमारे ५५. हे माप बाटलीतील व्हिस्कीचे नसून माल्टचे असते, आणि नवखे वाचक इथे हमखास चुकतात. दळण, किण्वन व ऊर्ध्वपातन यांत बराच भाग गळतो. शिवाय फिनॉल गाळण्याच्या उत्तरार्धात अधिक येतात. म्हणून मधला चांगला भाग गोळा करणे केव्हा थांबवले, यावर धूर ठरतो. लॅगावुलिन आणि काओल इला यांच्या माल्टसाठी जवळपास सारखाच आकडा सांगितला जातो, तरी पहिली जड आणि दुसरी हलकी, स्वच्छ लागते. पुढे पिपातही धूर वर्षागणिक मवाळ होत जातो. आकडा दुप्पट म्हणून धूर दुप्पट, असे गृहीत धरून घेतलेली बाटली अपेक्षाभंग करते.

तुलनेची रीत. एका ७०० मिलीच्या बाटलीवर सर्व रक्कम लावण्याऐवजी आधी ५० मिलीच्या चार छोट्या बाटल्या घेणे सोयीचे पडते. मिलीमागे त्या महाग असतात. परंतु न आवडलेली मोठी बाटली त्याहून महाग पडते. उदाहरणादाखल जेमसन (आयरिश, ४० टक्के), मेकर्स मार्क (राय या धान्याऐवजी गहू वापरणारी बर्बन, ४५ टक्के), ग्लेनलिव्हेट १२ (स्पेसाइड माल्ट, ४० टक्के) आणि जॉनी वॉकर ब्लॅक लेबल (१२ वर्षांची ब्लेंड, हलका धूर, ४० टक्के) या चार घ्याव्यात. प्रत्येकीतून एका वेळी १५ मिली ओतल्यास तीन फेऱ्या होतात. चारही मिळून एका बैठकीचे ६० मिली भरतात. ते कमी करायचे तर मित्राबरोबर वाटून घ्यावे.

आधी तीव्रता सारखी करावी लागते. ४५ टक्क्यांच्या १५ मिलीत साधारण २ मिली पाणी घातले, की ती ४० च्या आसपास येते. हे न केल्यास अधिक जळजळणारी व्हिस्कीच अधिक चवदार ठरते आणि तुलना तिथेच बिघडते. पेला तोंडाशी निमुळता असावा. वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवावेत आणि नाक पेल्यात खुपसू नये, नाहीतर अल्कोहोलने ते काही मिनिटे बधिर होते. पहिला घोट फक्त तोंड तयार करण्यासाठी. त्यावर मत देऊ नये. नंतर प्रत्येक पेल्यात अर्धा चमचा पाणी घालावे, म्हणजे तीव्रता ३५ च्या जवळ येते व जळजळीखाली दडलेला वास वर येतो. ब्लेंड तयार करणारे व्यावसायिक तर २० टक्क्यांपर्यंत पातळ करून केवळ वासावर काम करतात. धुराची व्हिस्की शेवटी ठेवावी. ती आधी घेतली, तर पुढच्या प्रत्येक पेल्यात धूर सापडतो.

पहिल्या फेरीत नावे माहीत असतात, म्हणून पुढच्या दोन फेऱ्यांत दुसऱ्या कोणीतरी पेले भरून त्यांवर केवळ अक्षरे लिहावीत. धुराचा पेला तेवढा त्यानेच ओळखून मागे ठेवावा. उरलेल्या तिन्हींचा क्रम बदलावा. समजा, पहिल्या फेरीत ग्लेनलिव्हेट वर होती, पण नाव झाकल्यावर दोन्ही वेळा ब्लॅक लेबल आवडली आणि टिपणात ‘घोट गिळल्यावरही मागे रेंगाळते’ असे आले. म्हणजे आवड धुराची असण्याचा संभव आहे. लगेच आयलाची जड माल्ट घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. ब्लेंडमध्ये धूर गोडीने व ग्रेनच्या मऊपणाने बांधलेला असतो, आणि आवडलेली गोष्ट ती बांधणीही असू शकते. पहिली मोठी बाटली ब्लेंडचीच घ्यावी व काओल इलासारख्या हलक्या धुरकट माल्टची एक छोटी बाटली तिच्या शेजारी ठेवून पाहावी. उलट मेकर्स मार्क वर आली, तर पुढची तुलना राय वापरणाऱ्या बर्बनशी करावी. गव्हाने मऊ झालेली गोडी आवडली की लाकडाची, हे तेव्हाच कळते. चारही सारख्याच वाटल्या, तर बहुधा पाणी कमी पडलेले असते किंवा सर्दी असते.

तिन्ही फेऱ्या आठवड्याच्या आत उरकाव्यात. ५० मिलीच्या बाटलीतून ३० मिली निघाले, की उरलेल्या द्रवावर त्याहून जास्त हवा राहते आणि फळांचे व फुलांचे हलके वास आधी विरतात. महिनाभराने त्याच बाटलीवर दिलेले मत दुसऱ्याच व्हिस्कीवरचे असते. मोठ्या बाटलीत हा बदल तिसरा भाग उरेपर्यंत फारसा जाणवत नाही. ती उभीच ठेवतात, कारण वाइनप्रमाणे आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोल बुचाचा चुरा करते आणि बुचाची चव व्हिस्कीत उतरते.