व्हीपीएफ वाढवला की टॅक्स वाचतो?

"व्हीपीएफ वाढवला तर टॅक्स वाचतो, म्हणून हातातला पगार फारसा कमी होत नाही, खरंय का?"

व्हीपीएफ म्हणजे पगारातून स्वतःहून भरलेला जादा पीएफ. टॅक्सचं म्हणाल तर अर्धवट खरंय, आणि ते अर्धंपण जुन्या टॅक्स रिजीमपुरतंच. अंबड एमआयडीसीतल्या एकाची स्लिप धरू, बेसिक-डीए 50,000, ग्रॉस 80,000, पीएफ 12 टक्क्यांनी 6,000. आता त्याने महिना 10,000 व्हीपीएफ लावला, तर कंपनी त्यात एक रुपयाही जास्त घालत नाही, तिचा वाटा आहे तेवढाच राहतो, हे लोक विसरतातच.

जुन्या रिजीममध्ये 80सी या टॅक्स सवलतीच्या कलमाची मर्यादा वर्षाला दीड लाख, त्यातले 72,000 नेहमीच्या पीएफनेच खाल्ले, राहिले 78,000. म्हणजे वर्षाला 1,20,000 व्हीपीएफ भरून सूट फक्त 78,000 वर, तीही एलआयसी वगैरे नसेल तर. 20 टक्के स्लॅब, सेस धरून 16,224 वाचले, महिन्याला साधारण 1,350. हातातले मात्र 8,650 गेले ना!

नव्या रिजीममध्ये ही सूटच नाही, आणि 2025-26 च्या नियमाने या पगारावर टॅक्स तसाही शून्य, मग वाचणार काय? पूर्ण 10,000 कमी येणार. फायदा आहे तो व्याजाचा, ते टॅक्स फ्री, पण स्वतःचा पीएफ-व्हीपीएफ मिळून वर्षाला अडीच लाखांपर्यंतच, वरच्या रकमेच्या व्याजावर टॅक्स लागतो. याचे 1,92,000 होतात, म्हणजे बसतंय. म्हणून आधी पेरोलवाल्याला विचारा, आपण कुठल्या रिजीममध्ये आहोत.