पिशवीतला सगळ्यात वरचा कागद

केज तालुक्यातल्या एका गावातून 74 वर्षांच्या आजी दवाखान्यात आल्या. सोबत आठवीतला नातू आणि त्याच्या हातात बियाण्याच्या दुकानाची पिशवी. ती टेबलावर उलटी केली तर 41 कागद निघाले. चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तीन वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट, एक इको, मोतीबिंदूच्या शिबिराचं कार्ड, मेडिकलची बिलं. शिवाय गोळ्यांच्या अर्धवट वापरलेल्या स्ट्रिपा. "आजीला पहाटं घाम फुटतो, हात लटलट कापतेत," नातू म्हणाला, "अन् पायबी सुजलेत."

त्या 41 कागदांचं आम्ही एक पान केलं. अशा पानाची कल्पना आमची नाही, तिला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे. पान कसं करायचं हे समजण्यासाठी तो थोडा माहीत असलेला बरा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतसुद्धा प्रत्येक डॉक्टर स्वतःच्या खातेवहीत नोंदी ठेवायचा. एकच रुग्ण तीन डॉक्टरांकडे गेला की त्याच्या नोंदी तीन वह्यांत. मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी 1907 मध्ये हे मोडलं: एका रुग्णाला एक क्रमांक, एक फाईल, आणि सगळ्यांच्या नोंदी तिच्यातच. कागद एका जागी आले, पण फाईल आतून तशीच राहिली. रक्ताचे रिपोर्ट एकीकडे, नर्सच्या नोंदी दुसरीकडे, डॉक्टरांचे शेरे तिसरीकडे. कागद कुठून आला यावर त्याची जागा ठरायची. तो रुग्णाच्या कोणत्या त्रासाबद्दल आहे हे ज्याचं त्याने शोधायचं.

ही दुसरी गाठ लॉरेन्स वीड यांनी सोडवली. वीड मूळचे प्रयोगशाळेत रमणारे. 1950 च्या दशकात मेन राज्यातल्या बँगोरमध्ये शिकाऊ डॉक्टरांना शिकवताना त्यांना एक गोष्ट खटकली. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीतली ओळ न् ओळ तपासली जाते, आणि जिवंत माणसाच्या फाईलमध्ये मात्र कुणीही काहीही खरडतो. 1968 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यांचा दोन भागांचा लेख आला. त्यात त्यांनी फाईलच्या सुरुवातीला समस्यांची क्रमांक घातलेली यादी ठेवायला सांगितलं. नंतरची प्रत्येक नोंद, तपासणी आणि औषध यादीतल्या कोणत्या क्रमांकासाठी आहे ते लिहायचं.

वीड यांच्या पद्धतीतला माझ्या मते सगळ्यात मोलाचा नियम फारसा कुणी सांगत नाही. समस्या आपल्याला जेवढी कळली आहे तेवढीच लिहायची. सूज दिसते पण कारण माहीत नाही, तर 'पायांवर सूज' एवढंच लिहायचं. अंदाजाचं निदान प्रश्नचिन्ह लावून यादीत घालायचं नाही, त्याची जागा पुढच्या योजनेत. वाचताना हा काटेकोरपणा वाटतो. पण आजींच्या पिशवीत दोन वर्षांपूर्वीची एक चिठ्ठी होती, तिच्यावर लिहिलं होतं 'हार्ट फेल्युअर?'. पाच महिन्यांनंतरच्या दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तेच शब्द होते, फक्त प्रश्नचिन्ह गळून गेलं होतं. मधल्या काळात केलेला इको याच पिशवीत तळाशी होता, आणि त्यात हृदयाचं काम व्यवस्थित असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं.

आपल्याकडे ही पद्धत वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवतात, वॉर्डात काही प्रमाणात पाळतातही. बाहेर तालुक्यात ती पोचली नाही याचं साधं कारण असं की इथे फाईलच नसते. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार भरती रुग्णाच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या. ओपीडीतला कागद मात्र रुग्णाच्या हातात दिला की तो त्याचाच. वीड यांचं पान दवाखान्याच्या फाईलमध्ये बसलेलं होतं, मराठवाड्यातली फाईल म्हणजे रुग्णाची पिशवी. आजी आज केजला, पुढच्या महिन्यात अंबाजोगाईला, पैसे जमले की लातूरला. म्हणून पान पिशवीत, सगळ्यात वर असावं लागतं, आणि ज्याने आजींना पूर्वी कधी पाहिलं नाही त्या डॉक्टरला दोन मिनिटांत वाचता यावं लागतं.

म्हातारपणाची अडचण वेगळीच आहे आणि ती वीड यांच्या यादीनेही पुरती सुटली नव्हती. एका माणसाला एकाच वेळी अनेक आजार असण्यावर अल्व्हन फाइनस्टाइन यांनी 1970 मध्ये लिहिलं आणि सहव्याधी ही संकल्पना रूढ झाली. यादीत मधुमेह एक नंबरला, रक्तदाब दोन नंबरला, गुडघे पाच नंबरला. प्रत्येकाचा इलाज आपापल्या जागी बरोबर असतो, पण गोळ्या सगळ्या एकाच पोटात जातात. 2005 मध्ये जामा या नियतकालिकात सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी पाच जुनाट आजार असलेली 79 वर्षांची एक काल्पनिक बाई घेतली आणि प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वं तिला लावून पाहिली. औषधं बारा झाली. त्याआधी 1997 मध्ये पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये औषधांच्या साखळीबद्दल लिहिलं होतं: एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्याच्यासाठी दुसरी गोळी सुरू होते.

आजींच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, पण ते दिसलं कागद तारखेप्रमाणे लावल्यावरच. आम्ही 41 कागद जमिनीवर ओळीने मांडले. यात पाऊण तास गेला, आणि खरं काम तेवढंच असतं. रक्तदाबाची अम्लोडिपिन 5 ची 10 झाली. दोन महिन्यांनी पायांवर सुजेची पहिली नोंद. मग ते प्रश्नचिन्हवालं निदान, आणि त्यापाठोपाठ लघवी होण्यासाठी फ्युरोसेमाइड. ती गोळी आजी रात्री घ्यायच्या, त्यामुळे रात्री तीनदा उठावं लागायचं, आणि अशाच एका रात्री त्या ओसरीत पडल्या. पडल्यावर गुडघा जास्त दुखू लागला, म्हणून मेडिकलमधून एसिक्लोफेनॅक रोज सुरू झाली. दुखण्याची ही गोळी किडनीला जड जाते, रक्तदाबाची टेल्मिसार्टन आणि फ्युरोसेमाइड सोबत असतील तर जास्तच.

किडनी मंदावली की रक्तात वाढणाऱ्या क्रिएटिनिनचे तीन रिपोर्ट तीन लॅबचे होते: 2021 मध्ये 1.1, 2023 मध्ये 1.4, आता 1.7. प्रत्येक डॉक्टरने आपल्यापुढचा एकच आकडा पाहिला होता. तिन्ही एका ओळीत लिहिले की किडनीचा उतार दिसतो. 74 वर्षांच्या बाईत 1.7 म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला साधारण 31 मिलिलिटर उरते, आणि इथे मधुमेहाच्या गोळ्यांचा प्रश्न येतो. स्ट्रिपांवर दोन वेगळी नावं होती, एक तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली, एक लातूरहून आलेली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन्हीवर एकच मजकूर: ग्लिमेपिराइड 2, मेटफॉर्मिन 500. दोन्ही गोळ्या आजी दिवसातून दोनदा घेत होत्या. म्हणजे दिवसाला मेटफॉर्मिन 2000 मिलिग्रॅम, जिथे या किडनीला 1000 च्या वर जाऊ नये, आणि ग्लिमेपिराइड 8. दोन पहाटे शुगर मोजायला लावली, 58 आणि 63 इतकी उतरलेली निघाली. पहाटेच्या घामाचं कारण ते होतं.

पान शेवटी असं झालं:

1. मधुमेह, 2009 पासून. एचबीए1सी 6.4. पहाटे शुगर उतरते. दोन नावांची एकच गोळी चालू होती.
2. रक्तदाब, 2012 पासून. अम्लोडिपिन 10 ने सूज (क्र. 4 पाहा).
3. किडनी: क्रिएटिनिन 1.1 (2021), 1.4 (2023), 1.7 (आता). दुखण्याच्या गोळ्या नकोत.
4. पायांवर सूज. इको चांगला. हृदयाचा आजार सिद्ध नाही.
5. दोन्ही गुडघे. एसिक्लोफेनॅक घेऊन क्र. 3 बिघडला.
6. रात्री पडल्या, एकदा.
7. दिवाळी ते होळी मुलगा-सून ऊसतोडीला. गोळ्या नातू देतो.
संपलेलं: मोतीबिंदू, दोन्ही डोळे.

खाली चालू औषधं, कंपनीच्या नावाने नव्हे तर आतल्या घटकाच्या नावाने, प्रत्येकीपुढे ती कोणत्या क्रमांकासाठी आहे ते. ज्या गोळीपुढे क्रमांक लिहिता येत नाही ती का चालू आहे हे विचारायचं. फ्युरोसेमाइडपुढे आम्ही 4 लिहिला आणि 4 चं कारण 2 मध्ये सापडलं. त्याच्या खाली एक ओळ आजींच्या शब्दांत: "देवळापर्यंत चालता आलं पाहिजे, बाकी काही नको." सगळ्यात खाली तारीख आणि लिहिणाऱ्याचं नाव.

सातवी नोंद पाहून एका सहकाऱ्याने विचारलं, ही काय वैद्यकीय समस्या झाली का? वीड यांच्या यादीत सामाजिक अडचणींनाही क्रमांक मिळायचा, आणि बीड जिल्ह्यात कोयता गावाबाहेर पडला की घरात कोण उरतं यावर पहाटेची शुगर ठरते. 13 वर्षांच्या मुलाला दिवसातून चार वेळा आठ प्रकारच्या गोळ्या सांभाळायला सांगणं म्हणजे चूक होणार हे आधीच मान्य करणं. म्हणून औषधं सकाळ आणि रात्र अशा दोनच वेळांत बसवली.

तालुक्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून डबल गोळीतली एक बंद केली, दुसरीचा ग्लिमेपिराइड कमी केला. अम्लोडिपिन परत 5 केली, फ्युरोसेमाइड हळूहळू सोडवली, दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. तीन आठवड्यांत सूज ओसरली, पहाटेचा घाम थांबला, क्रिएटिनिन 1.5 वर आलं. वरचा रक्तदाब 146 राहिला आणि आम्ही तो चालवून घेतला.

पानाचे धोकेही आहेत. एकदा छान टाइप झालं की ते खरं वाटायला लागतं, आणि सहा महिन्यांनी त्यावरची औषधं जुनी झालेली असतात. दवाखान्यांच्या संगणकात हेच होतं: समस्या वाढत जातात, काढून कुणी टाकत नाही, पंचवीस ओळींची यादी कुणी वाचत नाही. म्हणून पान पेनने दुरुस्त करता येईल असं, मोठ्या अक्षरांत, उजवीकडे रिकामी जागा सोडून छापायचं. नुसतं इंग्रजीत असेल तर नातवाला उपयोग नाही, नुसतं मराठीत असेल तर हैदराबादच्या डॉक्टरला नाही. आम्ही औषधांची नावं दोन्ही लिपींत लिहितो.

मुलगा-सून कारखान्यावर गेल्यानंतर नातू एकटाच आला. पानाच्या उजव्या कडेला निळ्या पेनने त्याने तारीख घालून लिहिलं होतं, 'मेडिकलमधून नवीन गोळी, गुडघा'. खाली स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षरांतलं नाव जसंच्या तसं उतरवलेलं. ते एसिक्लोफेनॅक होतं.