शिंप्याची नोंदवही

शिवणकामाच्या दुकानात किंवा बुटिकमध्ये गिऱ्हाइकाकडून आलेले कापड, त्यातून शिवायचे कपडे, मापे आणि कपडा देण्याची कबूल केलेली तारीख ज्या वहीत लिहितात ती शिंप्याची नोंदवही. एका कामाला एक पावती क्रमांक मिळतो. तोच क्रमांक गिऱ्हाइकाच्या पावतीवर, कापडाच्या गठ्ठ्याला टाचलेल्या चिठ्ठीवर आणि वहीत असतो. पुष्कळ दुकानांत वहीच्या पानावर कापडाची छोटी कतरणही टाचतात. निळे सुती कापड एका दिवशी चार जणांचे आले, तर वर्णनापेक्षा कतरणच उपयोगी पडते.

कापडाची नोंद गिऱ्हाईक समोर असतानाच व्हावी लागते. लांबी आणि पन्हा दुकानातच मोजायचा, कापड विकणाऱ्या दुकानदाराने सांगितलेला आकडा तसाच उतरवायचा नाही. डाग, विरलेली जागा किंवा तिरपा कापलेला काठ असेल तर तोही तेव्हाच लिहायचा. नंतर तो कोणाच्या हातून झाला हे ठरवता येत नाही.

समजा, पूर्ण बाह्यांच्या शर्टासाठी ३६ इंच पन्ह्याचे सुती कापड आले. गिऱ्हाईक म्हणते २.३० मीटर, मोजल्यावर भरते २.१५. शर्टाची उंची २९ इंच. या पन्ह्यात पुढचा आणि मागचा भाग शेजारी शेजारी बसत नाहीत, म्हणून शिलाई-दुमडीसह दोन लांब्या, म्हणजे ६४ इंच लागतात. बाह्यांना आणखी २५ इंच. एकूण ८९ इंच, म्हणजे सुमारे सव्वादोन मीटर. कॉलर आणि कफ उरलेल्या तुकड्यांतून निघतात. सुती कापड आधी धुतले आणि तीन टक्के आटले तर हाती २.०९ मीटरच उरते. पूर्ण बाही बसत नाही. अर्ध्या बाहीला दहा-बारा इंच पुरतात, म्हणून ती आरामात निघते. हा हिशेब वही भरताना झाला तर ‘अर्धी बाही, गिऱ्हाईक कबूल’ असे लिहून काम पुढे जाते. कात्री लागल्यावर कळले तर ते भांडण ठरते.

मापांच्या रकान्यात सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच असते. छाती ४० लिहिली, पण ते अंगाचे माप की तयार कपड्याचे? अंगाचे ४० असेल तर चार इंच सैल धरून तयार शर्ट ४४ चा होतो. माप घेणाऱ्याने सैलपणा धरून थेट ४४ लिहिले आणि कापणाऱ्याने ते अंगाचे समजून पुन्हा चार वाढवले, तर शर्ट ४८ चा निघतो. खांदा आणि उंची बरोबर, पण कुशीत दोन्ही बाजूंना सारखेच जास्त कापड, ही या चुकीची खूण. म्हणून मापापुढे ‘अंग’ किंवा ‘तयार’ लिहितात. नमुन्याच्या कपड्यावरून सपाट मोजलेली छाती दुप्पट करून लिहिली की नाही, हेही तिथेच नोंदवतात. जुन्या गिऱ्हाइकाची मापे पुन्हा वापरायची तर त्यांची तारीख हवी. बदललेला आकडा गिरवायचा नाही. जुन्यावर एक रेघ मारून नवा शेजारी लिहायचा.

तारखेच्या बाबतीत मात्र वहीची मांडणीच आड येते. नोंदी कापड आल्याच्या क्रमाने होतात, पण काम चालते देण्याच्या तारखेच्या क्रमाने. पान उलटले की ‘२० तारखेला’ हा शब्द त्याच्यासोबत दृष्टीआड होतो. म्हणून जाणते शिंपी दुसरी, तारीखवार वही ठेवतात आणि त्यात २० तारखेखाली फक्त पावती क्रमांक आणि कपड्याचे नाव लिहितात. नवे वचन देण्याआधी ते पान बघायचे. दुकानातून दिवसाला सहा शर्ट तयार होत असतील आणि २० ला सहा आधीच लिहिलेले असतील, तर सातवा २१ वर जातो.

वरचा शर्ट २० ला द्यायचा तर मोजणी उलटी करतात: १९ ला इस्त्री, १८ ला काजं-बटणं, १७ ला ट्रायलनंतरची दुरुस्ती, १६ ला ट्रायल, १४ आणि १५ ला शिलाई, १३ ला कटिंग, १२ ला कापड धुऊन वाळवणे. म्हणजे कापड ११ पर्यंत आलेच पाहिजे. वहीत देण्याच्या तारखेशेजारी ट्रायलची तारीखही लिहितात, कारण उशीर बहुधा तिथे सुरू होतो. गिऱ्हाईक १६ ऐवजी १९ ला आले तर दुरुस्तीला वेळ उरत नाही, आणि वहीत ट्रायलची तारीख नसेल तर दोष सगळा शिंप्याच्या माथी येतो.

कटिंगची तारीखही लिहून ठेवण्यासारखी असते. गळा खोल करा, बाही वाढवा असे निरोप पाठोपाठ येत राहतात; कापड बेतण्याआधीचा बदल नोंदीत जातो, नंतरच्या बदलाला पावतीवर नवी तारीख आणि वेगळी शिलाई लागते.