पळसाचा रंग (होळी आणि रंगपंचमीसाठी)

पळसाच्या फुलांपासून घरच्या घरी बनवलेला केशरी-पिवळा रंग. धुळवडीला नाहीतर रंगपंचमीला पिचकारीत भरायचा असेल तर याच्याइतका सोपा आणि बिनपैशांचा रंग दुसरा नाही, कारण ऐन फाल्गुनात पळस पानं झडून नुसता फुलांनी पेटलेला असतो आणि झाडाखाली फुलांचा सडा पडलेला असतो. झाडावरची तोडायची गरजच नाही, खालची वेचायची. मात्र रस्त्याच्या कडेची धुळीने माखलेली फुलं घेतली तर आधी दोन पाण्यांतून काढा.

करायचं काय, तर फुलाच्या बुडाशी जी काळपट मखमली टोपी असते ती खुडून टाकायची, नाहीतर रंग मळकट येतो. राहिलेल्या पाकळ्या साधारण दोन ओंजळी घ्या, दोन लिटर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं मंद उकळा, गॅस बंद करा आणि रात्रभर तसंच झाकून ठेवा. सकाळी सुती फडक्यातून गाळायचं, आणि हे गाळणं टाळू नका बरं का, पाकळ्यांवर बारीक लव असते ती पिचकारीत अडकते ते वेगळंच, पण डोळ्यात गेली तर टोचत राहते. रंग जास्तीत जास्त आदल्या दिवशी करावा, उन्हाळ्यात तो दीड-दोन दिवसांत आंबतो. वास आंबट आला किंवा वर फेस दिसला की ओतून द्या.

आता खरी गंमत, म्हणजे खरा धोका, इथे आहे. पळसाचा रंग फिका वाटतो म्हणून कोणीतरी हमखास सांगतं, “चिमूटभर चुना टाक, कसला भारी लाल होतो बघ!” होतो, अगदी खरं आहे. पळसाचं पाणी चुन्याने गडद होतं आणि हळद तर कुंकवासारखी लाल होते. पण खायचा चुना हा तीव्र अल्कली आहे, कातडीवर चुरचुरतो, आणि डोळ्यात गेला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा जाळत आत उतरत जातो. नैसर्गिक असला म्हणून काय झालं! म्हणून रंग खेळायचा असेल तर चुना नकोच, फिका तर फिका.

तरी समजा, शेजारच्या पोराने चुना घातलेलं हळदीचं पाणी मारलं आणि आपल्या सात वर्षांच्या पोरीच्या डोळ्यात गेलं. ती दोन्ही मुठींनी डोळा चोळणार, तेवढं आधी थांबवा. मान त्याच बाजूला कलती करून तो डोळा खाली ठेवा म्हणजे घाण पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही, पापण्या बोटांनी उघड्या धरा आणि पिण्याच्या साध्या पाण्याची बारीक धार नाकाकडून कानाकडे सोडत राहा. दोन हबके मारून चालत नाही, साध्या रंगाला पंधरा मिनिटं आणि चुना असेल तर निदान अर्धा तास, घड्याळ बघून. पापणीच्या आत पांढरे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद टिपा. लिंबू, गुलाबपाणी, घरातले जुने ड्रॉप्स काहीही घालू नका. चुना गेला असेल तर डोळा बरा दिसला तरी धुऊन झाल्या झाल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंच. साध्या रंगाने सुद्धा तासाभरानंतर दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर थांबू नका. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी त्या दिवशी चष्म्यावर भागवावं, रंग लेन्समध्ये मुरतो आणि डोळ्याला चिकटून बसतो. आणि फुगा डोळ्यावर बसला तर प्रकार वेगळा, तिथे मुका मार असतो, डोळा दाबायचा नाही, सरळ दवाखाना.

त्वचेचं त्यामानाने सोपं. खेळायच्या अर्ध्या तास आधी खोबरेल तेल लावा, कानामागे, नखांच्या कडांना, केसांच्या भांगात, तिथेच रंग जाऊन बसतो. त्याच दिवशी सकाळी दाढी किंवा वॅक्सिंग केलेल्या कातडीवर पळस सुद्धा झोंबतो, ते दोन दिवस आधीच उरकावं. नंतर काढताना पुन्हा तेल, मग बेसन आणि दही, कोमट पाणी, आणि जे निघत नाही ते राहू द्यावं. रॉकेल किंवा कपड्याचा साबण घेऊन घासत बसलं की रंगापेक्षा घासण्यानेच जास्त लाली येते.

हळद खेळलेल्यांनी एक लक्षात ठेवा, साबण लावला की पिवळे डाग एकदम लाल होतात आणि आई किंचाळते की पोराला रिॲक्शन आली. तसं काही नसतं, साबण सुद्धा अल्कलीच, म्हणून हळद लाल पडते, पाण्याने खळखळून धुतलं की परत पिवळी. कपड्यांवरचा उरलेला पिवळेपणा कडक उन्हात वाळत घातला की उडत जातो.