फोटोवरची अक्षरे वाचता यावीत म्हणून: ओव्हरले, ग्रेडियंट आणि कॉन्ट्रास्टची तपासणी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मोबाइलवर पाठवायच्या जाहिराती आमच्याकडून करून घेताना बहुतेक ग्राहकांची एक अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे: मालाचा फोटो पूर्ण दिसावा आणि त्यावरचा मजकूरही स्पष्ट वाचता यावा. सोलापुरात मात्र फोटो असतो तो चादरींचा. ज्याकार्डची चादर म्हणजे मुळातच दाट नक्षी. त्यात गडद मरून पट्ट्याशेजारी पांढुरकी वेल असते आणि वेलीच्या कडेला बारीक ठिपके असतात. अशा फोटोवर कोणत्याही रंगात अक्षर लिहिले, तरी त्याचा एक भाग गडद जागेवर आणि दुसरा फिकट जागेवर पडतो. त्यामुळे केवळ अक्षरांचा रंग बदलून हा प्रश्न सुटत नाही. अक्षरांखालची जागाच सावरावी लागते. ती आम्ही कशी सावरतो आणि कशी तपासतो, हे एका प्रत्यक्ष कामाच्या आधारे येथे सांगितले आहे.

हे काम चादरींच्या एका दुकानाचे होते. १०८० बाय १३५० पिक्सेलचा उभा फोटो होता आणि त्यात चादरींची थप्पी होती. मजकूर खालच्या ४०० पिक्सेलमध्ये बसवायचा होता: सर्वांत वर ‘मकरसंक्रांत व गड्डा यात्रेनिमित्त’ ही लहान ओळ, तिच्याखाली ‘खास सवलत’ हे मोठे शीर्षक, आणि शेवटी पत्ता व फोन. अक्षरे पांढरी हवीत, हे ग्राहकांनीच ठरवले होते.

पहिली पायरी म्हणजे मजकुराचा लेयर लपवून त्याखालची सर्वांत फिकट जागा शोधणे. अक्षरे पांढरी असतील तर धोका फिकट जागेत असतो आणि काळी असतील तर गडद जागेत. संपूर्ण फोटो सरासरीने किती गडद आहे, याला येथे काहीच अर्थ नाही. चित्रातला रंग टिपणारे आयड्रॉपर हे साधन ५ बाय ५ पिक्सेलच्या सरासरीवर ठेवून आम्ही वेलीचा रंग घेतला. तो निघाला #EBE1C8, म्हणजे साधारण साय जमलेल्या दुधासारखा. या रंगावर पांढऱ्या अक्षराचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, जेमतेम १.३ भरतो. पांढऱ्यावर पांढरे असेल तर तो १ असतो आणि काळ्यावर पांढरे असेल तर २१, हे लक्षात घेतले की १.३ म्हणजे काय ते कळते.

किती कॉन्ट्रास्ट पुरेसा मानायचा, यासाठी आम्ही संकेतस्थळांकरिता प्रचलित असलेल्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांचे आकडे वापरतो: साध्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या मजकुराला किमान ३. ‘मोठा’ म्हणजे २४ पिक्सेल किंवा त्याहून अधिक, आणि ठळक असेल तर साधारण १९ पिक्सेलपासून पुढे. येथे एक गफलत हमखास होते. १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र मोबाइलवर साधारण एक तृतीयांश आकारात दिसते. संगणकावर आम्ही ४० पिक्सेलने लिहिलेली ओळ तुमच्या हातात १३ पिक्सेलएवढी येते, आणि तिला ४.५ चाच निकष लावावा लागतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ओव्हरले, अर्थात फोटो आणि मजकूर यांच्यामध्ये टाकलेला अर्धपारदर्शक काळा थर. त्याच वेलीवर ४० टक्के थर टाकल्यावर कॉन्ट्रास्ट ३.६ झाला आणि ५० टक्क्यांना ४.९. म्हणजे ४० टक्क्यांत शीर्षक निभावते, फोन नंबर निभावत नाही. फोटोत शुभ्र पांढरी जागा असेल तर ५० टक्केही अपुरे पडतात. ५५ टक्क्यांचा थर असेल तर मात्र खाली कोणताही रंग असो, पांढरी अक्षरे ४.५ च्या वर राहतात. हा एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. काळ्याऐवजी दुकानाच्या रंगाचा, समजा मरून, थर हवा असेल तर तोही चालतो. पण मरून हा काळ्याएवढा गडद नसल्यामुळे टक्केवारी वाढवावी लागते.

संपूर्ण फोटोवर ५५ टक्के काळा थर टाकला तर चादर विटलेली दिसते, आणि कोणताही दुकानदार ते मान्य करणार नाही. म्हणून आम्ही ग्रेडियंट वापरतो: वर थर अजिबात नसतो आणि खाली जाताना तो हळूहळू गडद होतो. या कामात आमच्या पहिल्या मसुद्यात चूक झाली ती इथेच. वरून ६०० व्या पिक्सेलला शून्य आणि तळाला ७५ टक्के, असा सरळ चढता ग्रेडियंट आम्ही दिला. तळाचा फोन नंबर लख्ख दिसत होता, त्यामुळे आमचे समाधान झाले. पण मजकूर ९५० व्या पिक्सेलपासून सुरू होत होता आणि तिथे थर फक्त ३५ टक्के भरत होता. वेलीवर तिथला कॉन्ट्रास्ट ३.१ निघाला, आणि नेमकी तिथेच सर्वांत बारीक ओळ होती. मोबाइलवर ‘संक्रांत’ या शब्दावरचे दोन्ही अनुस्वार नक्षीच्या ठिपक्यांत मिसळून गेले आणि ‘सक्रात’ असे वाचले जाऊ लागले.

दुरुस्ती सोपी होती. ९०० व्या पिक्सेलला ग्रेडियंटमध्ये ५५ टक्क्यांचा आणखी एक थांबा दिला. अक्षरे सुरू होण्याच्या ५० पिक्सेल आधीच तो घेतला, कारण देवनागरीत वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर असतात आणि सावलीची गरज त्यांनाच अधिक असते. आता वेलीवरचा कॉन्ट्रास्ट ओळीच्या माथ्यावरही ५.८ च्या खाली येत नव्हता आणि फोटोचा वरचा भाग मुळातल्याच रंगात राहिला.

तरीही केवळ आकड्यावर विसंबून चालत नाही. कॉन्ट्रास्टचा आकडा दोन रंगांमधला फरक मोजतो, नक्षीची गर्दी मोजत नाही. नक्षीच्या रेघा अक्षरांच्या रेघांएवढ्याच जाड असतील तर कॉन्ट्रास्ट ५ असूनही डोळा अडखळतो. अशा वेळी आम्ही मजकुराखालचा फोटोचा भाग थोडा धूसर करतो. १०८० च्या चित्रात १० ते १५ पिक्सेलचा ब्लर बहुधा पुरतो. अक्षरांना जाड बाह्यरेषा देण्याचा आग्रह अनेकदा होतो, पण ती ‘क्ष’, ‘क्र’, ‘ष्ठ’ यांच्या पोटातली मोकळी जागा भरून टाकते. तिच्याऐवजी अक्षरामागे मऊ, पसरट सावली देणे आम्ही पसंत करतो. शेवटी चित्र एकदा स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून दुपारच्या उन्हात मोबाइलवर पाहतो. चित्र दाबून लहान केल्यामुळे ग्रेडियंटमध्ये पट्टे उमटले असतील तर ते तेव्हाच दिसतात, आणि त्यावर किंचित नॉइज, म्हणजे बारीक दाणेदारपणा, मिसळून ते मोडता येतात.

हे आकडे पडद्यापुरते आहेत. फ्लेक्स किंवा कापडी फलक असेल तर शाई आणि उजेड यांचा हिशेब वेगळा असतो, म्हणून तिथे आम्ही लहान तुकडा छापून पाहतो.

आपणांस विनंती अशी की फोटो फिल्टर न लावता, मूळ स्वरूपात पाठवावा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असल्यास तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मजकूर पक्का करूनच द्यावा, कारण नंतर वर एक ओळ वाढली की ती ग्रेडियंटच्या फिक्या भागात जाते आणि तपासणी पुन्हा करावी लागते. तयार चित्र आपल्या मोबाइलवर ‘जरा उजळ’ करून पुढे पाठवल्यासही तेच होते. उजळ हवे असेल तर आम्हांला कळवावे, आम्ही फक्त वरचा भाग उजळून देऊ.