सभेचं इतिवृत्त पहिल्यांदा लिहिताना: बँक खात्यावरच्या सह्या बदलण्याचा ठराव

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचनालयांत आणि मंडळांत नवी कार्यकारिणी आली की प्रोसिडिंग बुक बहुधा तरुण सभासदाच्या हातात येतं. पहिलंच काम असतं बँक खात्यावर सही करणारे बदलण्याचं. या एका ठरावात इतिवृत्ताची बहुतेक सगळी कसोटी लागते, कारण तो सभेत नसलेला माणूस वाचतो. बँकेतल्या अधिकाऱ्याला तुमची संस्था माहीत नसते. त्याच्यासमोर फक्त कागद असतो.

कोण लिहू शकतो?

इतिवृत्त लिहिणं हे चिटणिसांचं काम. ते हजर नसतील तर अध्यक्ष सभेतल्याच कुणालाही ते सोपवू शकतात, पण तसं केल्याची नोंद पहिल्याच परिच्छेदात हवी. लिहिणाऱ्याला मताचा अधिकार असलाच पाहिजे असं नाही. मात्र स्वतः पदाधिकारी असाल आणि तुमच्याच नावाचा ठराव असेल, तर तेवढ्या विषयापुरतं टिपण दुसऱ्याकडे द्या. पुढे कुणी बोट दाखवायला जागा राहत नाही.

सभेआधी

जवळ ठेवायचे कागद मोजकेच: संस्थेची नियमावली, मागच्या सभेचं इतिवृत्त, सभेच्या नोटिशीची प्रत आणि सभासदांची यादी. या विषयासाठी बँकेचं पासबुकही हवं. खात्याचं नाव आणि क्रमांक आठवणीतून लिहायचा नसतो, पासबुकावरून उतरवायचा. कर्नाटक सोसायटीज नोंदणी कायदा, 1960 खाली नोंदलेली संस्था असेल तर नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव अक्षरशः जुळतं का, हेही आधीच पाहा. फलकावर एक नाव, प्रमाणपत्रावर दुसरं, असं जुन्या मंडळांत सर्रास दिसतं. ठरावात प्रमाणपत्रावरचंच नाव जातं.

नियमावलीत दोन गोष्टी शोधा: सभेची नोटीस किती दिवस आधी द्यायची आणि गणपूर्ती किती. नोटिशीत विषय स्पष्ट लिहिलेला असावा, ‘बँक खात्यावरील सह्यांचे अधिकार बदलणे’ असा. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात हा ठराव घुसवू नका. गैरहजर राहिलेल्या सभासदाने नंतर ‘मला माहीतच नव्हतं’ म्हटलं तर त्याचं म्हणणं रास्त ठरतं.

इथे आणखी एक काम आहे, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. नव्या सही करणाऱ्यांची नावं त्यांच्या आधार आणि पॅनवरून घ्या. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव शाळेच्या दाखल्यावर पूर्ण, पॅनवर आद्याक्षरांसह आणि जुन्या कन्नड कागदांवर आडनाव पुढे-मागे झालेलं असतं. ‘पाटील’ तर कार्यकारिणीतच तीन निघतात. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आडनाव असं पूर्ण लिहा. तिन्ही कागदांत फरक असेल तर बँकेला काय चालेल ते सभेआधी विचारून या.

सभा चालू असताना

हजेरीच्या सह्या प्रोसिडिंग बुकातच, सभा सुरू होतानाच घ्या. नंतर घरोघरी जाऊन घेतलेली सही ही हजेरी नव्हे. सुरू झाल्याची वेळ टिपा. कुणी उशिरा आलं, मधून उठून गेलं, तर त्या वेळचा विषयही टिपा.

हे का, ते उदाहरणाने पाहू. समजा कार्यकारिणी 11 जणांची आहे आणि नियमावलीप्रमाणे गणपूर्ती 5. सभेला 6 जण आले. सह्यांचा विषय तिसरा होता. दुसऱ्या विषयानंतर दोघे एसटी गाठायला निघून गेले. आता बसलेत 4. हजेरीत 6 सह्या दिसतात, पण ठराव झाला तेव्हा गणपूर्ती नव्हती. अशा वेळी लिहिणाऱ्याने अध्यक्षांच्या कानावर घालायचं. सभा तहकूब करायची की कसं, हे नियमावली पाहून अध्यक्ष ठरवतील. तुमचं काम गप्प न बसण्याचं.

चर्चेतलं प्रत्येक वाक्य लिहायला जाऊ नका. काय सुचवलं गेलं, हरकत काय होती आणि शेवटी काय ठरलं, एवढंच धरा. चर्चा कधी मराठीतून, कधी कन्नडमधून होते आणि निर्णय नेमका कुठल्या वाक्यावर झाला ते सुटून जातं. म्हणून विषय संपला की हात वर करून विचारा: ‘असं लिहू का?’ आणि ठरावाचा मजकूर मोठ्याने वाचा. कन्नडभाषक सभासद असतील तर त्यांना कन्नडमध्येही सांगा. सूचक आणि अनुमोदक कोण, हे तिथेच विचारून घ्या. एकानेही विरोध केला असेल तर ‘सर्वानुमते’ लिहिता येत नाही, ‘बहुमताने’ लिहायचं आणि किती विरुद्ध किती तेही. विरोध नोंदवा असं कुणी म्हटलं तर त्याचं नाव लिहा.

सभेनंतर

कच्चं टिपण त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पक्कं करा. चार दिवसांनी आपलंच अक्षर लागत नाही. मसुदा अध्यक्षांना दाखवून मगच बुकात उतरवा.

आता मजकूर. ‘नव्या पदाधिकाऱ्यांना बँकेचे व्यवहार करण्याचा अधिकार देण्यात आला’ असा ठराव बँकेतून परत येतो, कारण त्यात नाव नाही, खातं नाही आणि जुन्यांचा अधिकार गेला की नाही ते कळत नाही. असा लिहा:

> ठराव क्र. 3: संस्थेचे … बँकेच्या … शाखेतील बचत खाते क्र. … वरील माजी खजिनदार श्री. … यांचा सहीचा अधिकार आजपासून रद्द करण्यात येत आहे. त्यांच्या जागी नवे खजिनदार श्री. … यांना सहीचा अधिकार देण्यात येत आहे. यापुढे खात्याचे व्यवहार अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार यांपैकी कोणत्याही दोघांच्या संयुक्त सहीने होतील.
> सूचक: श्री. … अनुमोदक: सौ. … ठराव सर्वानुमते मंजूर.

शेवटचं वाक्य सगळ्यांत जास्त विसरलं जातं. संयुक्त सही की कुणा एकाची, हे न लिहिल्यास बँक हमखास विचारते.

बुकात चूक झाली तर पांढरी शाई लावू नका. एक रेघ मारा, वर बरोबर शब्द लिहा, शेजारी अध्यक्षांची छोटी सही घ्या. मजकूर संपल्यावर उरलेल्या जागेवर तिरकी रेघ मारा, म्हणजे नंतर कुणी ओळ घुसवू शकत नाही.

बँकेत काय द्यायचं

मूळ प्रोसिडिंग बुक बँकेत ठेवून येऊ नका. ठरावाचा उतारा संस्थेच्या लेटरहेडवर काढा, सभेची तारीख आणि ठराव क्रमांक घाला, ‘खरी प्रत’ असं लिहून अध्यक्ष-चिटणिसांच्या सह्या आणि शिक्का मारा. सोबत संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, कार्यकारिणीची यादी, नव्या सही करणाऱ्याचे आधार, पॅन, फोटो आणि नमुना सही. उतारा मराठीत असेल तर शाखेत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर मागू शकतात. तेही अध्यक्ष-चिटणिसांच्या सहीनेच द्या, आणि नावं, खाते क्रमांक दोन्हीकडे ताडून पाहा.

इतिवृत्त पुढच्या सभेत कायम होईपर्यंत थांबायची गरज नसते. ठराव मंजूर झाला त्याच दिवशी लागू होतो. पुढच्या सभेत फक्त नोंद बरोबर झाली का, एवढंच पाहतात. कुणी तिथे निर्णयच बदलायचं म्हटलं तर ती दुरुस्ती नव्हे, त्यासाठी वेगळा विषय आणि वेगळा ठराव लागतो.